शालूच्या ताटाचं वजन

मुक्ताबाईच्या दारावरून उपाशी पुढं जाणं अवघड होतं. लोणावळ्याच्या बाजारापासून वळवणच्या अंगाला जी दहा-बारा घरांची वाडी होती, तिच्यात तिचं घर अगदी रस्त्याला लागून, आणि ओटा असा की बसलेल्या बाईला दोन्हीकडचा रस्ता दिसावा. एकदा जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस फक्त वाट विचारायला थांबला, तर त्याला पिठलं-भाकरी खाऊन जावं लागलं. शेजारच्या गेणूला पकडायला आलेला शिपाई तिच्याकडं आधी पाणी प्यायला, मग जेवला, मग ओट्यावर पडला, आणि जागा झाल्यावर आपण कुणाला न्यायला आलो होतो हे त्याला गेणूनंच आठवून दिलं, असं वाडीत सांगत. खरं-खोटं देव जाणे. पण मुक्ताबाईला ही गोष्ट आवडायची.

तिच्या घरात शेंगदाण्याचं गाडगं वेगळं होतं, तुरीची डाळ वेगळ्या मडक्यात होती आणि आंबेमोहोर तांदळाची एक लहान कणगी होती. या तिन्हींना पाव्हण्याशिवाय हात लागत नसे. लढाई नुकतीच संपली होती, धान्य कार्डावर मिळत होतं, आणि तरी ही तीन भांडी कधी रिकामी झाली नाहीत. घरच्यांसाठी तांदळाची भाकरी, पातळ आमटी, लसणाची चटणी. आधी नवरा महिपती आणि मुलगा बजरंग जेवत. बजरंग घाटातल्या रेल्वेच्या लाइनीवर गँगमध्ये कामाला होता, दिवसभर खडी ओढून यायचा, त्याला पोटभर लागायचं. मग सासू-सुना बसत, समोर उरलेलं घेऊन. पाव्हणा आला तर तो सगळ्यांच्या आधी.

मुक्ताबाई स्वतः काय जेवते, हे कुणी पाहिलं नव्हतं. तिनंही पाहिलं नव्हतं. चुलीकडं तोंड करून जेवणाऱ्या बाईला ताट कुठं दिसतं.

सून शालू पहिलटकरीण. बाळंतपण माहेरी आंदर मावळात झालं. तिथं सव्वा महिना तिला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तूप घातलेला मऊ भात, असं सगळं रीतसर मिळालं. तिसऱ्या महिन्यात ती लेकीला घेऊन सासरी आली. लेकीचं नाव ठेवलं ठकू. मुक्ताबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीची दृष्ट काढली, सुनेला एक दिवस गोडाचं जेवण घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची घरातल्या माणसांत गणना केली. यात दुष्टपणा काही नव्हता. बाळंतिणीचं खाणं सव्वा महिन्याचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सव्वा महिना झाला की खाणं संपतं, आणि पाजणं चालू राहतं. या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत, असं कुणाच्या मनात आलं नाही.

ठकू भोपळ्यासारखी वाढत होती. मांडीला वळ्या, मनगटाला वळ्या, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. येणारी-जाणारी बाई तिचा गालगुच्चा घ्यायची आणि मुक्ताबाईला म्हणायची, नशीब काढलंस. शालूकडं बघायचं काही कारण नव्हतं. शालूच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा तिनं त्या सुतानं बांधून घेतल्या. चोळी ढिली झाली तेव्हा तिनं ती आत घेतली. नीटस बाई होती, तक्रार न करता शिवून टाकायची.

मग एक दिवस विहिरीवर तिला भोवळ आली. हंडा पडला, त्याला पोचा आला, आणि शालू धुण्याच्या दगडावर बसून राहिली. तिथून शेजारची सरुबाई तिला घरी घेऊन आली. सरुबाईनं वाटेत चार जणींना सांगितलं असणार, कारण पुढच्या बाजाराच्या दिवशी शालूचा बाप हौशीराम दारात उभा राहिला. त्यानं लेकीचे हात पाहिले. जेवून निघताना ओट्याखाली उभं राहून मुक्ताबाईला म्हणाला,

"इहीनबाय, भातकापणी झाली का मी येतो. पोरगी न् नात दोगी घिऊन जातो. पोरीच्या अंगात कायच ऱ्हायलं न्हाई."

मुक्ताबाईच्या हातातलं पानसुपारीचं ताट तसंच राहिलं. तिच्या घरातून कुणी न खाता गेलं असं तिच्या आयुष्यात झालं नव्हतं, आणि आता तिच्या घरात राहूनच एक जण वाळली असं आंदर मावळापर्यंत सांगितलं जाणार होतं. ते एक. दुसरं म्हणजे तिला चार मुलगेच झालेले, त्यातला एकटा बजरंग जगलेला. शालू आली तेव्हापासून चुलीपाशी कुणीतरी बोलायला होतं. झोळीतली ती ठकू तर आत्ताशी कुठं आजीचं नाक धरायला शिकली होती.

बाजारात बायकांच्या मंडळानं बाळंतिणींसाठी एक केंद्र काढलं होतं. तिथं पाजणाऱ्या आयांना रोज पावशेर दूध मिळतं, असं सरुबाईनंच सांगितलं. मुक्ताबाई सुनेला आणि नातीला घेऊन गेली. केंद्रावर मेहरुन होती. ही टांगेवाल्या निजामची लेक, पुण्याला शिकून नर्स होऊन आलेली, पांढऱ्या लुगड्यातली, कमी हसणारी. तिनं ठकूला काट्याच्या झोळीत घातलं आणि वजन बघून मान डोलावली. पोर उत्तम होती. मुक्ताबाई उठायला लागली. मेहरुननं शालूला काट्यावर उभं केलं, तेव्हा तिची मान डोलायची थांबली.

"मावशी, बाळाचं काही बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "बाळ आपला वाटा आईच्या अंगातून काढून घेतं. इतक्यात दूध आटत नाही, आई आटते."

मग तिनं समजावून सांगितलं. दिवसाकाठी पाऊण शेर म्हणा, शेरभर म्हणा, एवढं दूध अंगात तयार करायचं तर त्याला जळण लागतं. बाईला एरवी जेवढं अन्न लागतं त्याच्या वर कॅलऱ्या म्हणून जे मोजतात ते सहाशेच्या घरात जास्त लागतं, आणि अंग भरून काढणारं प्रोटीन वीस ग्रॅमच्या आसपास जास्त. कॅलरी म्हणजे चुलीतलं सरपण समजा आणि प्रोटीन म्हणजे चूल लिंपायची माती. सरपण कमी पडलं की माणूस घराचे वासे जाळायला लागतो. तुमची सून सध्या वासे जाळतेय.

मुक्ताबाईला वाशांचं पटलं. ती म्हणाली, मग द्या की दूध.

मेहरुन म्हणाली, दूध थोडं आणि आया फार. ज्यांच्या जेवणात खरोखर कमी पडतं त्यांनाच मंडळ देतं. मी एक दिवस संध्याकाळी येईन, तुमच्या सुनेचं रोजचं जेवण वजन करून बघेन आणि कोष्टकाशी ताडून ठरवीन. कधी येईन ते सांगणार नाही. सांगून गेलं की बघायला रोजचं जेवण मिळत नाही.

हा नियम चांगला होता. फक्त मेहरुन जाणार होती बापाच्या टांग्यातून, आणि निजामला हा नियम निव्वळ बेअदबी वाटत होता. जेवायच्या वेळेला कुणाच्या घरी न सांगता जायचं म्हणजे काय. तेव्हा आदल्या दिवशी त्यानं वाडीपुढं घोडा थांबवला आणि हळूच सांगून टाकलं, "वैनी, उद्या दिवेलागणीला आमची पोरगी येणार तुमच्याकडं. माझं नाव सांगू नका."

मुक्ताबाईला हे कळल्यावर जे झालं ते तिच्या हातात नव्हतं, असं ती पुढं कितीतरी वर्षं सांगायची. पाव्हणी येणार, आणि तीही ताट बघायला. सबंध जन्मात कुणी ताट बघायला आलं नव्हतं. तिनं आंबेमोहोराची कणगी उघडली. डाळ शिजत टाकली. सरुबाईनं दोन अंडी दिली, पलीकडच्या भिमाजीच्या बायकोनं तुपाची वाटी दिली, गेणूनं उपकार स्मरून म्हशीचं दूध आणलं. ज्यानं जे दिलं तो ते वजन होताना बघायला आला. दिवेलागणीला ओट्यावर आख्खी वाडी होती. मध्ये पाटाभोवती रांगोळी, पाटावर शालू, तिच्यापुढं लग्नातसुद्धा नव्हतं असं ताट.

मेहरुननं आपला छोटा काटा मांडला. भात, भाकरी, वरण, तूप, अंडी, शिरा, दूध, एकेक वजन करून ती मनाशी हिशेब करत गेली. काटा खाली गेला की ज्याची वस्तू त्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं. भिमाजीची बायको म्हणाली, तूप आमच्याकडचंय हेबी लिवा. शालूला एवढ्या लोकांत घास गिळवेना. पण सासूनं मागून पाठीत बोट लावलं, तशी तिनं डोळे मिटून खाल्लं. दोन महिन्यांची भूक होती, ताट जवळजवळ रिकामं झालं. उरलेलंही मेहरुननं वजन करून वजा केलं. तिचं सगळं काम पद्धतशीर.

"रोज असंच असतं?" तिनं विचारलं.

इथं मुक्ताबाईला खरं बोलायला एक श्वासभर वेळ होता. पण ओट्यावर आख्खी वाडी बसली होती.

"रोजच," ती म्हणाली. "मंगळवारी जरा जास्त."

मेहरुननं काटा पुसून पिशवीत ठेवला. म्हणाली, मावशी, एका रात्रीच्या जेवणात दोन हजारांवर कॅलऱ्या आणि पन्नास ग्रॅम प्रोटीन आहे. पाजणाऱ्या बाईचं जवळजवळ दिवसाचं भागतंय. तुमच्या सुनेला दुधाची गरज नाही. वाळण्याचं कारण वेगळं असेल, डॉक्टरांना दाखवा.

टांगा गेल्यावर वाडीनं मुक्ताबाईचं तोंड भरून कौतुक केलं. पुण्याच्या नर्सनं वजन करून सांगितलं, या घरात दोन हजार आहेत. कशाचे ते कुणाला नीट कळलं नाही, पण आकडा भारदस्त होता. महिपती दोन दिवस बाजारात छाती काढून हिंडला. मुक्ताबाईला मात्र आपण काय केलं ते घंगाळात हात धुताना समजलं. घरची अब्रू राहिली आणि दूध गेलं. आता शालूचे गाल आणखी बसणार, आणि कापणी झाली की व्याही येणार.

ती पुन्हा केंद्रावर गेली. खोटं बोललो असं म्हणायला जीभ वळेना, म्हणून तिनं सांगितलं की त्या दिवशी सण होता. मेहरुननं विचारलं, कुठला सण? त्या दिवशी तर काहीच नव्हतं. मुक्ताबाई म्हणाली, आमच्या सासरकडचा असतो एक. नाव काय त्याचं? मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, सासरकडचं नाव बाया घेत न्हाईत.

मेहरुननं पुढं सण विचारला नाही. पुन्हा येते, म्हणाली.

या वेळीही निजामनं आदल्या दिवशी घोडा थांबवला. या वेळी मुक्ताबाई तयार होती. पाव्हण्याची तिन्ही भांडी तिनं गोठ्यात कडब्याखाली लपवली. शेजाऱ्यांना दार लावून बसायला सांगितलं. संध्याकाळी मेहरुन आली तेव्हा घरात पणतीचा उजेड होता आणि शालूसमोर कालची वाळलेली अर्धी भाकरी आणि एक मिरची होती. महिपतीला सांगितलं होतं त्याप्रमाणे तो कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि मध्येच उगीच कण्हत होता.

मेहरुननं भाकरी वजन केली. मिरची केली नाही.

"रोज एवढंच?"

"एवडंबी रोज न्हाई," मुक्ताबाई म्हणाली.

"दुपारी?"

"दुपारी तर आमी जेवतच न्हाई."

मेहरुननं हिशेब केला आणि शालूकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, या जेवणावर पाजणारी बाई मागच्याच महिन्यात अंथरुणाला खिळायला हवी होती. ही तर पाणी भरतेय. मागच्या वेळी तुमची सून राजवाड्यात जेवत होती, आज दुष्काळात जेवतेय. मधल्या दिवसांत ती कुठं जेवते?

एवढ्यात मागच्या अंगणातून भुरके मारल्याचा आवाज आला. मेहरुन उठली आणि मागच्या दारी गेली. तिथं तिचा बाप निजाम पाटावर मांडी घालून बसला होता. पुढं पितळी, पितळीत कुस्करलेली भाकरी, त्यावर आमटी. घोड्यापुढंसुद्धा हिरवं गवत टाकलं होतं. टांगेवाला दारात तिष्ठत बसणार आणि त्याला विचारायचं नाही, हे काही मुक्ताबाईला दुष्काळातही जमलेलं नव्हतं.

"अब्बा," मेहरुन म्हणाली.

निजाम म्हणाला, "बेटा, आग्रह झाला."

मेहरुन आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिचा राग गेला होता, की दमून गेली होती, सांगता येणार नाही. म्हणाली, मावशी, आता मी उठत नाही. मी इथं नाहीच असं समजा. तुमचं रोजचं जे असेल ते वाढा, रोज ज्या क्रमानं बसता त्या क्रमानं बसा. मला फक्त बघू द्या.

मुक्ताबाईनं शेवटी चुलीमागं झाकलेला खरा स्वयंपाक पुढं ओढला. महिपतीनं कण्हणं थांबवलं. तो आणि बजरंग जेवायला बसले. बजरंगनं चार भाकऱ्या खाल्ल्या, भात खाल्ला, ढेकर दिला आणि बाहेर गेला.

आता सासू-सुनांनी बसायचं. पण मुक्ताबाईचा पायच उचलेना. घरात पाव्हणी बसलीय आणि तिच्यादेखत घरच्या बायांनी घास घ्यायचा? तिनं मेहरुनला विनवलं. मेहरुन म्हणाली, मी इथं नाही. मुक्ताबाई म्हणाली, नसलीस तर नसू दे, पर दोन घास खा. मेहरुननं नको म्हणून सांगितलं. मुक्ताबाईनं ताट वाढून पुढं ठेवलं. मेहरुननं ते सरकवलं. मुक्ताबाईनं झोळीतल्या ठकूची शपथ घातली. दिवसभर चार वाड्या हिंडलेली नर्स होती, पोटात सकाळचा चहा होता, भाकरी गरम होती. "मावशी, तुम्ही फार छळता," असं म्हणत तिनं काटा काढला, सवयीनं ताटातलं सगळं वजन केलं, आणि मग जेवली. चटणीचं तिनं कौतुकही केलं.

हात धुऊन आल्यावर ती म्हणाली, "आता शालूचं वाढा."

शालूनं टोपल्यावरचं फडकं उचलून पाहिलं आणि परत घातलं. आमटीच्या पातेल्यात पळी फिरवली, ती खर्र वाजली. भाताच्या तपेलीला चार शितं होती.

"शालूचं कुठंय?" मेहरुननं पुन्हा विचारलं.

महिपती ओट्यावरून खाकरला. शालू जमिनीकडं बघत म्हणाली, "मघाशी तुमी जेवला त्येच माजं व्हतं, बाई."

मेहरुननं आपल्या काट्याकडं पाहिलं. मग मागच्या दाराकडं पाहिलं.

"आणि अब्बांनी खाल्लं ते?"

"ते माजं," मुक्ताबाई म्हणाली. "त्येचं काय यवढं. मी कुणाला पाजतीय?"

आधी कोण हसलं ते आठवत नाही असं मुक्ताबाई सांगायची, पण मेहरुन हसली हे नक्की, आणि ती हसताना डोळे पुसत होती हेही. दोन वेळा ती शालूचं रोजचं जेवण शोधायला आली होती. सापडलं तेव्हा ते तिच्याच पोटात होतं, आणि तेही नीट वजन केलेलं. एक भाकरी, एक वाटी पाण्यासारखी आमटी, मूठभर भात, चटणी. तिनं हिशेब करून सांगितला. चारशेला थोड्या कमी कॅलऱ्या, आणि प्रोटीन नऊ-दहा ग्रॅम. पाजणाऱ्या बाईला रात्रीच्या एका जेवणातून हजाराच्या आसपास मिळायला हवं, आणि प्रोटीन पंचवीस. म्हणजे ताट निम्म्याहून रिकामं होतं. दुपारचंही याच मापाचं असणार.

दूध सुरू करते, म्हणाली. पण पावशेर दुधानं अर्धंसुद्धा भागणार नाही. बाकीचं घरातूनच यायला हवं. फार नाही. दोन्ही वेळच्या जेवणात एक भाकरी जास्त, एक मूठ शेंगदाणे आणि वाटीभर घट्ट वरण, एवढ्यात कमी पडतं ते बहुतेक भरून निघतं. तुमच्याकडं यातलं काय आहे?

यातलं सगळंच गोठ्यात कडब्याखाली होतं.

शालूनं जाऊन मडकी आणली. मेहरुननं शेंगदाण्याच्या गाडग्यात हात घातला, डाळीच्या मडक्यात डोकावली. विचारलं, हे घरात असताना ही का वाळते?

मुक्ताबाईनं सरळ सांगितलं की ते पाव्हण्यांचं आहे. घरची माणसं पाव्हण्यांचं खात नाहीत. आणि शेंगदाण्यानं पोराला खोकला होतो, डाळीनं पोट फुगतं, असंही म्हणतात. मेहरुन म्हणाली, बाळाचं पोट फुगलं तर मला बोलवा, मी येऊन बघेन. पण स्वयंपाकाची भांडी रिकामी व्हायच्या आधी शालूला वाढा. आणि तिला सगळ्यांच्या आधी बसवा, नाहीतर माझ्यासारखं कुणीतरी येईल आणि तिचं खाऊन जाईल.

मुक्ताबाईला हे काही केल्या पटेना. सून सासऱ्याच्या आधी? पाव्हण्याच्या आधी? लोक काय म्हणतील हा प्रश्न नव्हता. तिच्या स्वतःच्याच मनाला ते उलटं वाटत होतं, पायातलं डोक्यावर घातल्यासारखं. मेहरुन पिशवी उचलून निघाली. शालू उपाशीच रिकाम्या टोपल्याशी बसली होती. झोळीत ठकू जागी झाली आणि भुकेनं ओरडायला लागली. शालू उठली, तिला घेऊन पाजायला बसली.

मुक्ताबाई त्या दोघींकडं बघत राहिली. मग एकदम कपाळावर हात मारून खाली बसली.

"अगं बया," ती म्हणाली. "ही आलीय तवाधरनं हिला आपण जेवायलाच वाढलं न्हाई."

"कुणाला?" मेहरुन दारात थांबली.

"पाव्हणीला. ह्या ठकीला. इनमीन चार म्हयने झालं जल्माला येऊन. आजून पानी भरत न्हाई, चूल बगत न्हाई, घरची कुटनं झाली ती? पाव्हणीच की. आन् ती जेवती कुटनं? हिच्या अंगातनं. म्हंजी आपल्या घरात पाव्हणी बसलीय, न् आपण तिच्या म्होरं रिकामं ताट ठिवलंय."

तिनं त्याच पावली चुलीत लाकूड घातलं. दोन भाकऱ्या थापल्या. गाडग्यातले दाणे भाजले. डाळ शिजायला वेळ होता, म्हणून तोवर दाण्यांचा कूट तेलात कालवून दिला. निजाम अंगणातून म्हणाला, दाण्याचा वास झकास सुटलाय. मेहरुन त्याला टांग्यात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात एक नवाच प्रकार सुरू झाला. दिवेलागणीला मुक्ताबाई पाट मांडायची, रांगोळीची दोन बोटं ओढायची आणि झोळीकडं बघून म्हणायची, "पाव्हणीबाई, बसा जेवायला." मग शालूनं ठकूला मांडीवर घेऊन पाटावर बसायचं. ताटात तीन भाकऱ्या, घट्ट वरण, मूठभर दाणे. पाव्हणी जेवल्याशिवाय घरच्यांना वाढायचं नाही, हा घराण्याचा जुना नियम. महिपती ओट्यावर भुकेनं चुळबुळत बसायचा. एकदा म्हणाला, अगं ती तर झोपलीय. मुक्ताबाईनं सांगितलं, झोपली तरी पाव्हणीच हाय ती.

बजरंगनं एकदा धीर करून आईला विचारलं, मी लाइनीवर राबून येतो, माझा नंबर चार महिन्यांच्या पोरीमागं? ती म्हणाली, तू परवापास्नं पाव्हणा हो, तुलाबी आदी वाढते. पर पाव्हणा लाकडं आणत न्हाई, न् चार दिसांत आपल्या वाटंनं निघून जातो. बजरंगनं विचार केला आणि लाकडं आणत राहिला.

शालूला सुरुवातीला एवढं जात नसे. पण मुक्ताबाईच्या आग्रहापुढं जमीन मोजणारा सरकारी माणूस टिकला नव्हता, तिथं शालू काय टिकणार. आणखी अर्धी, माझी आण, पाव्हणीचं मन मोडू नको. कधी कधी शालूला वाटायचं, उपाशी होते तेव्हा निदान शांत तरी जेवत होते. केंद्रातलं दूधही निजामच्या टांग्यातून यायला लागलं. पण पहिले दोन दिवस त्याचा चहा होऊन तो निजामच्या पोटात गेला असं मेहरुनला कळलं, तेव्हापासून शालूनं केंद्रावर येऊनच दूध प्यायचं असं तिनं ठरवून दिलं. ठकूचं पोट फुगलं नाही. खोकला सरुबाईला झाला.

बांगड्यांचं सूत कधी सोडलं ते शालूच्या ध्यानातही नाही. ढिल्या चोळीची टीप मात्र तिला उसवावी लागली.

कापणी झाली आणि हौशीराम आला. सांगितल्याप्रमाणे, लेकीला न्यायला, खांद्यावर रिकामी पडशी घेऊन. संध्याकाळ होती, आंदर मावळातून चालत आलेला माणूस, भुकेला. त्याला माहीत होतं, या घरात पाय धुवायच्या आत ताट येतं. त्यानं पाय धुतले. ताट आलं नाही. तो ओट्यावर महिपतीच्या शेजारी बसला. महिपतीनं त्याला तंबाखू दिली आणि सवयीच्या माणसासारखं सांगितलं, बसा, वेळ लागंल.

आतून भाजलेल्या दाण्यांचा वास येत होता. हौशीराम उठून दारात गेला. त्याची लेक मधोमध पाटावर बसून जेवत होती. तिचे हात भरलेले होते. मांडीवर ठकू. समोर मुक्ताबाई वरणाची पळी घेऊन उकिडवी बसली होती आणि शालू नको नको म्हणत होती.

हौशीराम खाकरला आणि म्हणाला, "इहीनबाय, लांबनं आलोय. भूक लागलीय."

मुक्ताबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बसा पाव्हणं जरा," ती म्हणाली. "तुमच्या आदीचं पाव्हणं जेवतंय."

तो माघारी येऊन ओट्यावर बसला. रिकामी पडशी त्यानं घडी करून मांडीखाली घातली. पुढं तो एकटाच परत गेला, पण जेवून. मुक्ताबाईनं त्याला दुसऱ्या पंगतीला वाढलं, आणि त्याच्याबरोबर, पहिल्यांदाच चुलीकडं पाठ करून, स्वतःही बसली. डाळ संपत आली होती. तिच्या ताटात काय पडलं ते मात्र त्या दिवशीही कुणी वजन केलं नाही.